अस्थिमज्जेच्या स्लाइडमध्ये शेपटीचा लीशमॅनिया का सापडत नाही?

मिरजेची तंत्रज्ञ (सोमवार, रात्री ९:४०)

नमस्कार. मी मिरजेतील एका खासगी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत ११ वर्षे तंत्रज्ञ म्हणून काम करते. मलेरिया, क्षयरोग आणि रक्ताचे साधे आजार यांच्या स्लाइड रोजच्याच आहेत. पण या आठवड्यात जी स्लाइड हातात आली, तिने मला दोन रात्री झोपू दिलेले नाही.

रुग्ण २६ वर्षांचा आहे. तो मूळचा बिहारमधील मुजफ्फरपूरकडचा असून वर्षभरापासून कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत काम करतो. त्याला दहा आठवडे ताप आहे. मधल्या काळात एकदा विषमज्वर समजून आणि एकदा मलेरिया समजून उपचार झाले. पाणथरी बरगडीखाली नऊ सेंटिमीटर उतरली आहे, हिमोग्लोबिन ७.२, पांढऱ्या पेशी २१००, प्लेटलेट ६८,०००. फिजिशियन साहेबांनी ‘काळा आजार वाटतो’ असे म्हणून अस्थिमज्जा काढून दिली. आमचे पॅथॉलॉजिस्ट आठवड्यातून एकदाच, गुरुवारी येतात, म्हणून तोपर्यंत मी स्लाइड पाहून ठेवावी असे ठरले.

आमच्या पदविकेच्या तक्त्यात लीशमॅनियाचे चित्र होते: लांबट, सुतकताईच्या चातीसारखे, पुढे एक लांब शेपटी. मी तीन तास तसा जीव शोधला. शेपटीचे काहीही दिसले नाही. काही मोठ्या पेशींत जांभळे ठिपके आहेत, परंतु ते प्लेटलेटचे तुकडेही असू शकतात. माझा प्रश्न असा की, शेपटी दिसली नाही म्हणजे ‘जंतू नाही’ असे लिहायचे का? आणि ती नसेल, तर नेमके काय पाहायचे?

निवृत्त आरोग्यसेवक, कोरेगाव (सोमवार, रात्री १०:१५)

ताई, मी ३१ वर्षे हिवताप विभागात रक्तनमुने गोळा केले. तुम्ही चुकीच्या जागी पाहत आहात असे वाटते. शेपटीचे जंतू रक्तात फिरतात. हत्तीरोगासाठी आम्ही रात्री दहानंतर घरोघरी जाऊन जाड थेंब घेत असू, तसाच याचाही रात्रीचा थेंब घ्यावा. डास चावतो त्या वेळी जंतू रक्तात वर येतात, हा साधा नियम आहे.

अजिंक्यताऱ्याखाली (सोमवार, रात्री ११:०५)

मी सातारचा. परजीवीशास्त्र शिकवून निवृत्त झालो आणि उमेदीची काही वर्षे पाटण्यात काळ्या आजाराच्या स्लाइड पाहण्यात गेली, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आरोग्यसेवक दादा, आपले म्हणणे हत्तीरोगाबाबत अगदी खरे आहे, पण येथे दोन गोष्टी वेगळ्या आहेत. हा आजार डास नव्हे, तर वाळूमाशी पसरवते आणि माणसाच्या शरीरात या जंतूला बाहेर काढलेली शेपटी नसतेच. रक्तात तो क्वचित सापडतो; मात्र तोही पांढऱ्या पेशींच्या पोटात, गोल रूपात. म्हणून रक्त तपासायचे झाले, तर नळी फिरवून पांढऱ्या पेशींचा पातळ थर वेगळा काढतात. त्यात रात्र-दिवस असा फरक नाही.

ताई, तुमच्या तक्त्यातले चित्र खोटे नाही, ते दुसऱ्या घरातले आहे. हा जंतू दोन घरांत राहतो. वाळूमाशीच्या आतड्यात साधारण पंचवीस अंशांची ऊब असते. तेथे तो लांबट होतो, शेपटी बाहेर काढतो आणि पोहतो. माणसाच्या शरीरात ३७ अंश आणि तेही मॅक्रोफेज पेशीच्या आम्लधर्मी पिशवीत त्याला राहावे लागते. ज्या पिशवीत इतर जंतू पचून जातात, तिच्यातच तो टिकतो. तेथे पोहायचे कोठे? शेपटी आखडून जवळजवळ पूर्ण आत जाते आणि दोन ते चार मायक्रॉनचा गोल किंवा अंडाकृती देह उरतो. यालाच आपण अमॅस्टिगोट म्हणतो, जुनी मंडळी एलडी बॉडी म्हणतात.

या गोंधळात तुम्ही एकट्या नाही. डमडमहून परतलेल्या आणि इंग्लंडमधील नेटली येथे मरण पावलेल्या सैनिकाच्या पाणथरीत लीशमन यांना हे गोल देह दिसले, तेव्हा ते ट्रिपॅनोसोम जातीच्या शेपटीवाल्या जंतूंचे मेल्यानंतरचे अवशेष असावेत, असाच त्यांचा कयास होता. त्यांनी हे १९०३ मध्ये छापले. त्याच वर्षी मद्रासमध्ये डोनोव्हन यांनी जिवंत रुग्णाच्या पाणथरीतून तेच देह काढून दाखवले, म्हणजे ते मरणोत्तर अवशेष नव्हते. पुढे १९०४ मध्ये कलकत्त्यात रॉजर्स यांनी पाणथरीतले रक्त शरीरापेक्षा थंड तापमानाला ठेवले आणि त्याच गोल देहांना शेपट्या फुटलेल्या पाहिल्या. तुमच्याकडच्या अस्थिमज्जेचा थेंब सशाच्या रक्ताच्या एनएनएन माध्यमावर २४ अंशांना ठेवला, तर काही दिवसांनी, कधी तीन-चार आठवड्यांनी, तक्त्यातले चित्र तुम्हालाही दिसेल. स्लाइडवर मात्र ते कधीच दिसणार नाही.

‘जंतू नाही’ असे लिहू नका. किती फिल्ड पाहिली, कोणता रंग वापरला आणि त्यासाठी पाणी कोणते वापरले, हे आधी कळवा.

माणदेशी (मंगळवार, सकाळी ६:५०)

सर, मी दहिवडीजवळचा शेतकरी आहे. घराला लागून गोठा आहे, दोन म्हशी आणि एक खिल्लारी गाय आहे. संध्याकाळी गोठ्याच्या भिंतीला बारीक पांढुरके चिलट बसलेले असते. हीच वाळूमाशी आहे का? माझ्या धाकट्या मुलाला महिन्यापूर्वी चार दिवस ताप होता. जनावरांमुळे हा आजार घरात येत असेल तर गोठा लांब बांधावा काय?

अजिंक्यताऱ्याखाली (मंगळवार, सकाळी ८:२०)

मूळ प्रश्न स्लाइडचा आहे, तरी मुलाची काळजी आहे म्हणून उत्तर देतो. चार दिवसांत उतरलेला ताप म्हणजे काळा आजार नव्हे. तो आठवडे-महिने चालतो आणि पाणथरी वाढवतो. मूल आता खेळत असेल तर या आजाराची धास्ती घेऊ नका.

वाळूमाशी डासाच्या निम्म्याने लहान, दोन-तीन मिलिमीटरची, मातकट रंगाची आणि अंगभर लव असलेली असते. बसताना ती पंख पाठीवर मिटत नाही, तर उभे ठेवून इंग्रजी व्हीसारखे पसरते. तिला दूर उडता येत नाही. हुसकावली की भिंतीवर टुणकन उडी मारून हातभर पुढे बसते. हीच तिची सोपी ओळख. तिची अंडी साठलेल्या पाण्यात नसतात. भिंतीच्या भेगांत आणि गोठ्याच्या कडेला शेण-पाचोळा मिसळलेल्या ओलसर मातीत तिची वाढ होते. आपल्या राज्यातल्या लोकांना ती चंडीपुरा विषाणूमुळे नावाने ठाऊक आहे.

भारतात काळा आजार पसरवणारी जात फ्लेबोटोमस अर्जेंटिपेस. तिला गुरांचे रक्त आवडते, म्हणून ती गोठ्यात असते. पण गुरे या जंतूचा साठा करत नाहीत. आपल्या देशात हा जंतू माणसाकडून माशीत आणि माशीकडून माणसात जातो. त्यामुळे गोठा हलवण्यापेक्षा भिंतीच्या भेगा लिंपून घ्या आणि गोठ्याचा कोपरा कोरडा ठेवा.

कृष्णाकाठची डॉक्टर (मंगळवार, दुपारी २:१०)

मी सांगलीत रक्तविकारांचे काम करते. सरांनी पाण्याचा प्रश्न विचारला तो फार मोलाचा आहे आणि ताई, त्याचे उत्तर तुम्ही आधी द्यावे असे मलाही वाटते.

तोपर्यंत पाहण्याच्या जागेविषयी सांगते. आपण रक्ताची स्लाइड पाहताना सवयीने मधला, एकसारखा पसरलेला भाग निवडतो. अस्थिमज्जेत हा जंतू शोधताना ही सवय आड येते. मॅक्रोफेज ही मोठी पेशी आहे. स्मिअर ओढताना ती मागे राहत नाही, काचेबरोबर ओढली जाऊन शेवटच्या पातळ कडेला आणि दोन्ही बाजूंच्या काठांना जमा होते. शिवाय मज्जेचे जे कण असतात, त्यांच्या भोवती ती असते. म्हणून आधी दहाच्या भिंगाने कडा आणि कण धुंडाळावेत, फिकट, पसरट, फेसाळ पेशी हेरून ठेवाव्यात आणि मगच तेलाचा थेंब टाकून शंभरचे भिंग लावावे. मधल्या भागात तीन तास घालवून काही न सापडणे आणि कडेला वीस मिनिटांत सापडणे, हे माझ्या बाबतीत एकापेक्षा अधिक वेळा झाले आहे.

दुसरे असे की, स्मिअर ओढताना पुष्कळ मॅक्रोफेज फुटतात. त्यामुळे जंतू पेशीबाहेर मोकळे पडलेलेही सापडतात. ‘पेशीच्या आत असेल तरच तो’ असा आग्रह धरू नये. मात्र ज्या स्लाइडवर सगळेच मोकळे आहेत आणि एकही पेशीत नाही, तेथे मी सही करण्यापूर्वी थांबते.

मिरजेची तंत्रज्ञ (मंगळवार, रात्री ९:०५)

सर, डॉक्टर ताई, मनापासून आभार. मी साधारण ३०० फिल्ड पाहिली आणि खरे सांगायचे तर सगळी मधल्या भागातली. रंग लीशमनचाच. बफरच्या गोळ्या संपल्यामुळे गेले दोन आठवडे आम्ही आवारातल्या कूपनलिकेचे पाणी गाळून वापरत आहोत. स्लाइड एकूण निळसर दिसते हे माझ्याही लक्षात आले होते, लाल पेशीसुद्धा राखाडी-निळ्या आहेत. रंग जास्त वेळ ठेवला गेला असेल असे मी समजले.

सुदैवाने त्याच वेळी काढलेल्या दोन स्लाइड रंग न देता, मिथेनॉलमध्ये बुडवून ठेवलेल्या आहेत.

अजिंक्यताऱ्याखाली (मंगळवार, रात्री १०:३०)

मग निम्मे उत्तर तुमच्या कूपनलिकेतच आहे. आपल्याकडचे भूजल क्षारयुक्त आणि अल्कधर्मी असते. अशा पाण्यात लीशमनचा निळा भाग जोर धरतो आणि लाल भाग मागे पडतो. या जंतूची ओळख मात्र लाल आणि निळ्याच्या फरकावरच अवलंबून आहे. देह फिकट निळा, त्यात तांबूस-जांभळे गोल केंद्रक आणि केंद्रकापासून थोडे दूर, त्याच्याशी काटकोनात किंवा तिरकी बसलेली, त्याहून गडद अशी एक इवलीशी काडी. ही काडी म्हणजे कायनेटोप्लास्ट. आखडलेल्या शेपटीचे मूळ तिच्याशेजारीच असते. तुम्ही शेपटी शोधत होतात. तिच्याऐवजी ही काडी शोधायची. स्लाइड सगळी निळी झाली की टिंब आणि काडी एकमेकांत मिसळतात आणि उरतो तो नुसता जांभळा ठिपका, ज्याला कोणीही प्लेटलेट म्हणेल.

ठेवलेल्या स्लाइड वेळेवर मिथेनॉलमध्ये स्थिर केल्या हे फार चांगले केले. न करता तशाच ठेवल्या असत्या, तर प्लाझ्मा वाळून पार्श्वभूमी पुन्हा निळीच झाली असती. आता ऊर्ध्वपातित पाण्यात ६.८ पीएचचे ताजे बफर करा आणि एकच स्लाइड रंगवा. लाल पेशी गुलाबी-तांबूस दिसल्या आणि न्यूट्रोफिलच्या केंद्रकाला जांभळा रंग आला, तरच पुढे जंतू शोधायला बसा. या दोन पेशी आपल्या स्लाइडवरच्या साक्षीदार आहेत. त्या चुकीच्या रंगात असतील, तर जंतूविषयी काहीही बोलू नये.

आणि ३०० फिल्ड पुरेशी नाहीत. पाणथरीच्या स्मिअरसाठी जी मोजणी ठरली आहे, तिच्यात १००० फिल्डमध्ये एकही जंतू नसेल तेव्हाच शून्य म्हणतात. १००० फिल्डमध्ये एक ते दहा सापडले तर ती एक अधिक, १०० फिल्डमध्ये एक ते दहा असतील तर दोन अधिक, आणि अशी ती दहा-दहा पटींनी चढते. मज्जेत जंतू पाणथरीपेक्षा कमी असतात, म्हणून येथे धीर अधिकच लागतो.

कराडकर (बुधवार, सकाळी ७:४५)

मी वैद्यकीय क्षेत्रातला नाही; घरातला एक अनुभव सांगतो. पाच वर्षांपूर्वी माझ्या मामांना असाच लांबलेला ताप आणि वजनात घट होती. त्यांना मधुमेह होता. मज्जेच्या पहिल्या अहवालात याच जंतूचे नाव आले. मामा आयुष्यात कऱ्हाड-पाटणपलीकडे फारसे गेले नव्हते, त्यामुळे सगळ्यांना आश्चर्य वाटले. पुढे पुण्यात तीच स्लाइड पुन्हा पाहिली गेली, आणखी एक वेगळा रंग दिला गेला, तेव्हा ती हिस्टोप्लाझ्मा नावाची बुरशी निघाली. मूत्रपिंडावरच्या ग्रंथीही सुजलेल्या होत्या. नऊ दिवस चुकीच्या नावाने गेले. म्हणून विनंती आहे की, ठिपके दिसले तरी घाई करू नये.

कृष्णाकाठची डॉक्टर (बुधवार, सकाळी ९:३०)

कराडकर दादा, तुम्ही अगदी योग्य वेळी हे लिहिलेत. ही चूक चांगल्या चांगल्या डोळ्यांकडून होते, कारण दोन्ही मॅक्रोफेजमध्येच राहतात आणि आकारही जवळपास सारखाच असतो.

फरक असा. बुरशीच्या प्रत्येक देहाभोवती धुतल्यासारखे पांढरे वलय दिसते, आतला जांभळा भाग एका बाजूला चंद्रकोरीसारखा सरकलेला असतो आणि एखाद्या ठिकाणी अरुंद मानेचा कोंब फुटलेला सापडतो. काडी मात्र कधीही नसते. शंका राहिली तर पीएएस किंवा चांदीचा रंग द्यावा. बुरशीची भिंत तो रंग घेते, लीशमॅनिया घेत नाही. पुण्यात मामांच्या स्लाइडला बहुधा यांपैकीच एक रंग दिला गेला असावा.

प्लेटलेट ओळखणे त्यामानाने सोपे आहे. तिच्यात बारीक कण विखुरलेले असतात, पण बाहेरची रेषा आणि आतले दोन वेगळे तुकडे असा नेमकेपणा नसतो. ती पेशीवर पडलेली असेल, तर सूक्ष्म स्क्रू किंचित फिरवल्यावर ती एका पातळीवर आणि पेशी दुसऱ्या पातळीवर स्पष्ट होते. रंगाचे खडे असतील तर तेही वरच्या पातळीवर चमकतात. माझा स्वतःचा नियम असा आहे की, टिंब आणि काडी दोन्ही स्पष्ट दिसतील असे किमान पाच देह दोन वेगळ्या जागी मिळाल्याशिवाय मी नाव लिहीत नाही.

अजिंक्यताऱ्याखाली (बुधवार, सकाळी १०:१०)

यात माझे थोडे वेगळे मत आहे. पाच देहांचा नियम तुमच्या सांगलीच्या टेबलावर शहाणपणाचा आहे, कारण येथे हा आजार विरळा आणि बुरशीची शक्यता खरी आहे. पण ज्या रुग्णात जंतू फार थोडे आहेत, त्यात निःसंशय असे दोन देहही पुरतात. मी पाटण्यात असताना अशा दोन देहांवर उपचार सुरू झालेले आणि पाणथरी उतरलेली पाहिली आहे. संख्येपेक्षा एका देहाची स्पष्टता मोलाची, असे मला वाटते.

कृष्णाकाठची डॉक्टर (बुधवार, सकाळी ११:००)

सर, आपला अनुभव मोठा आहे. तरीही मुजफ्फरपूरचा रुग्ण आणि कऱ्हाडचे मामा यांना एकच मोजपट्टी लावायला माझे मन घेत नाही. रुग्ण कोठून आला आहे, त्यावर माझा पाचाचा आकडा खाली येऊ शकतो, हे मात्र मान्य करते.

विट्याचा द्राक्षवाला (बुधवार, दुपारी १:२५)

एक शंका. माशी आजारी माणसाला चावली आणि लगेच दुसऱ्याला चावली, तर दुसरा आजारी पडतो का?

अजिंक्यताऱ्याखाली (बुधवार, दुपारी ४:००)

लगेच नाही. मध्ये साधारण एक आठवडा जावा लागतो. तो आठवडा या जंतूच्या आयुष्यातला सर्वांत धावपळीचा काळ आहे.

मादी माशी डासासारखी सुई रक्तवाहिनीत खुपसत नाही. ती त्वचा कुरतडून रक्ताचे बारीक तळे करते आणि ते पिते. त्या रक्तातून गोल देह असलेल्या पेशी तिच्या पोटात जातात. माशीचे आतडे त्या रक्ताभोवती एक पातळ पिशवी विणते. पहिले दोन दिवस जंतू त्या पिशवीतच शेपटी काढून वाढतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पिशवी फाटते आणि रक्ताचा चोथा बाहेर टाकला जातो. त्या वेळी जो जंतू आतड्याच्या भिंतीला धरून राहतो तोच उरतो, बाकीचे चोथ्याबरोबर वाहून जातात. उरलेले पुढे, घशाच्या झडपेकडे सरकतात, तेथे जेलीसारखा पदार्थ स्रवतात आणि वाट तुंबवून टाकतात. त्यातूनच बारीक देहाचे, लांब शेपटीचे, वेगाने पोहणारे जंतू तयार होतात. पुढच्या वेळी माशी चावते तेव्हा तुंबलेल्या घशामुळे तिला रक्त नीट ओढता येत नाही आणि ती जेलीसकट जंतू जखमेत ओकते.

तुम्ही द्राक्षवाले आहात म्हणून एक गोष्ट सांगतो. माशीच्या चाव्याने आजार होतो हे सिद्ध करायला संशोधकांना फार वर्षे लागली, कारण पुन्हा पुन्हा रक्तावरच पोसलेल्या माश्यांत जंतू नीट वाढत नव्हते. १९४० च्या सुमारास बिहारमध्ये काम करणाऱ्यांनी एकदा रक्त दिल्यावर माश्यांना बेदाणे चोखू दिले. साखर मिळताच जंतूंनी माशीचा घसा भरून टाकला. त्याच युक्तीने पोसलेल्या माश्या चावून स्वयंसेवकांना काळा आजार झाल्याचे स्वामिनाथ, शॉर्ट आणि अँडरसन यांनी १९४२ मध्ये दाखवले. निसर्गात ही साखर माशीला झाडांच्या रसातून मिळते.

माणसाच्या त्वचेत शिरल्यावर आधी न्यूट्रोफिल आणि मग मॅक्रोफेज त्या जंतूंना गिळतात. दिवस-दोन दिवसांत शेपटी आत जाते, गोल देह दुभंगत वाढतात, पेशी फुटते, शेजारची पेशी त्यांना गिळते आणि हे पाणथरी, यकृत व मज्जेपर्यंत पोहोचते. ताप यायला बहुधा दोन ते सहा महिने जातात, कधी वर्षाहून अधिक. म्हणून कुपवाडला वर्षभर राहिलेला मुलगाही आजार गावाकडूनच घेऊन आलेला असू शकतो.

त्वचा-तपासणीस, फलटण (बुधवार, रात्री ८:१५)

मी कुष्ठरोग कार्यक्रमात बरीच वर्षे त्वचेचे चिरा-नमुने घेतले. गेल्या वर्षी बांधकामावरील बिहारच्या एका बाईंना चेहऱ्यावर आणि दंडावर फिकट चट्टे होते म्हणून आमच्याकडे पाठवले होते. चट्ट्यांवर संवेदना शाबूत होती, नसा जाड नव्हत्या आणि नमुन्यात कुष्ठरोगाचे जंतू नव्हते. त्यांना सहा वर्षांपूर्वी काळा आजार होऊन गेला होता, हे त्यांनी जाता जाता सांगितले. त्या वेळी मला त्याचा अर्थ कळला नाही. तोच नमुना लीशमन किंवा गिम्साने रंगवला असता, तर काही दिसले असते का?

अजिंक्यताऱ्याखाली (बुधवार, रात्री ९:००)

दिसण्याची शक्यता होती. काळा आजार बरा झाल्यावर काही महिन्यांनी किंवा वर्षांनी जंतू त्वचेत पुन्हा वाढतात आणि असे चट्टे किंवा गाठी येतात. तुम्ही जो चिरा घेता तोच चालतो: त्वचा चिमटीत घट्ट दाबून रक्त थांबवायचे, पात्याने लहानसा छेद घ्यायचा, पाते आडवे करून कडेचा रस खरवडायचा. फक्त तापवण्याऐवजी मिथेनॉलने स्थिर करून गिम्सा द्यायचा. गाठीतून नमुना घेतला तर जंतू बऱ्याचदा सापडतात; नुसत्या फिकट चट्ट्यात ते इतके थोडे असतात की नकारात्मक स्लाइडवर विसंबता येत नाही. त्या बाईंचा पत्ता लागत असेल तर त्यांना अवश्य बोलावून घ्या. अशा रुग्णांना ताप नसतो, ते कामावर जातात, आणि त्यांच्या त्वचेतून वाळूमाशीला जंतू मिळतो हे माश्यांना प्रत्यक्ष चावू देऊन केलेल्या अभ्यासांत दिसले आहे.

निवृत्त आरोग्यसेवक, कोरेगाव (बुधवार, रात्री ९:५०)

सर, माझी समजूत दुरुस्त केलीत, आभारी आहे. पण मग सरळ विचारतो. माशी आपल्या गोठ्यात आहे आणि रुग्ण कुपवाडला आला आहे. हा आजार आपल्या जिल्ह्यांत मूळ धरेल की नाही?

अजिंक्यताऱ्याखाली (बुधवार, रात्री १०:२०)

दादा, या प्रश्नाला मी हो किंवा नाही असे उत्तर देणार नाही. माशी पुरेशी असणे, ती माणसाला वारंवार चावणे आणि उपचार न झालेला रुग्ण महिनोन्‌महिने तिच्या पोहोचीत झोपणे, हे तिन्ही जुळावे लागते. कुपवाडचा मुलगा ज्या खोलीत राहतो तिच्या भिंती आणि आजूबाजूची जागा कोणीतरी जाऊन पाहणे मला आवश्यक वाटते.

कृष्णाकाठची डॉक्टर (गुरुवार, सकाळी ८:००)

येथे गोठ्यापेक्षा अशा मुलांच्या निदानाला लागणारे दहा आठवडे मला अधिक सलतात. ताई, आणखी एक. आरके-३९ ची पट्टी मागवून ठेवा, बोटाच्या रक्तावर होते. पूर्वी हा आजार झालेला नसेल आणि ताप व पाणथरी दोन्ही असतील, तर तिचा होकार महत्त्वाचा. पूर्वी आजार झालेल्या रुग्णात मात्र ती वर्षानुवर्षे होकारच देत राहते. तेथे स्लाइडला पर्याय नाही. पाणथरीत सुई घालून जंतू ९० टक्क्यांहून अधिक वेळा सापडतो हे खरे, परंतु रक्तस्राव झाला तर सावरायला रक्तपेढी आणि शल्यचिकित्सक हाताशी हवेत. तुमच्याकडे मी मज्जेवरच भर देईन.

मिरजेची तंत्रज्ञ (गुरुवार, रात्री ८:३०)

आज जे झाले ते क्रमाने लिहिते.

बुधवारी बफरच्या गोळ्या सांगलीहून मागवल्या. आज पहाटे लवकर जाऊन एक स्लाइड रंगवली. लाल पेशी गुलाबी दिसल्या, न्यूट्रोफिल जांभळे दिसले, तेव्हाच हायसे वाटले. दहाच्या भिंगाने उजवी कड धरून चालत गेले. शेवटच्या पातळ भागाजवळ एक मोठी, फिकट, फाटक्या काठाची पेशी दिसली. तेल टाकून शंभरचे भिंग लावले. पेशीचे स्वतःचे केंद्रक एका कोपऱ्यात ढकलले गेले होते आणि उरलेल्या जागेत चौदा छोटे देह होते. त्यांतील सगळ्यांत काडी दिसली नाही. काही आडवे पडले होते, काही एकमेकांवर होते. पण सहा देहांत गोल तांबूस टिंब आणि त्याच्यासमोर तिरकी, गडद काडी इतकी स्वच्छ होती की मी खुर्चीतून उठून पुन्हा बसले. वलय नव्हते, कोंब नव्हता. पुढच्या काठावर आणखी दोन पेशी आणि काही मोकळे देह मिळाले.

त्यानंतर सोमवारची निळी स्लाइड पुन्हा घेतली आणि तीच कड पाहिली. तेथेही तशाच पेशी होत्या. आता कळल्यावर एक-दोन ठिकाणी काडीचा भास होतो, पण ती स्लाइड एकटी असती तर मी आजही नाव लिहू शकले नसते.

दुपारी पॅथॉलॉजिस्ट मॅडम आल्या, त्यांनी दोन्ही स्लाइड पाहून सही केली आणि खात्रीसाठी तिसरी न रंगवलेली स्लाइड पीएएससाठी ठेवून घेतली. फिजिशियन साहेबांनी लायपोसोमल अँफोटेरिसिन बीची व्यवस्था सुरू केली आहे. मुलाचे वजन ४८ किलो आहे. किलोला १० मिलिग्रॅमप्रमाणे ४८० मिलिग्रॅमचा एकच डोस, म्हणजे ५० मिलिग्रॅमच्या दहा बाटल्या लागतील, असे त्यांनी सांगितले. जिल्हा हिवताप कार्यालयालाही कळवले असून राहत्या खोलीची पाहणी करायला माणसे येणार आहेत.

एक प्रश्न राहिलाच. मुलाच्या खोलीतल्या दुसऱ्या एका कामगाराला तीन आठवड्यांपासून ताप आहे, पण पाणथरी हाताला लागत नाही. तो दरभंग्याचा असून दिवाळीत गावी जाऊन आला आहे. त्याची मज्जा आताच काढावी, की पट्टी येईपर्यंत थांबावे?

कृष्णाकाठची डॉक्टर (गुरुवार, रात्री ९:१०)

तीन आठवडे झाले आहेत, म्हणजे ताप दोन आठवड्यांची रेषा ओलांडून गेला आहे. आधी मलेरिया आणि रक्ताचा कल्चर करून घ्या, उद्याच पट्टी करा, माझ्याकडे दोन शिल्लक आहेत, सकाळी माणूस पाठवा. पाणथरी हाताला लागत नसली तरी सोनोग्राफीत मोजून घ्या. पट्टी नकारात्मक आली आणि ताप राहिलाच, तर मज्जेविषयी पुन्हा बोलू.

अजिंक्यताऱ्याखाली (गुरुवार, रात्री ९:४०)

मी आधी मज्जेकडे वळलो असतो, परंतु रुग्ण डॉक्टरांच्या समोर आहे, माझ्या नाही. ताई, निळी स्लाइड टाकून देऊ नका. ताज्या स्लाइडशेजारी ठेवून, त्याच पेशीवर खूण करून, नव्याने येणाऱ्या प्रत्येक तंत्रज्ञाला दोन्ही दाखवा.